न उचललेल्या पैशाचं भाडं

बँकेचं पाकीट आलं की आमच्या घरात आधी बोलणं थांबायचं आणि मग मामंजींचा चहा गार व्हायचा. मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा मला वाटलं, कुणी गेल्याची बातमी आली असेल. सासूबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, की काही विचारू नकोस. पाकिटात सहामाही हिशेबाचा एक कागद होता, बाकी काही नाही. पण मामंजी तो असा धरून बसले होते, जणू त्यावर वॉरंटच आहे.

मामंजींचा ओतकामाचा कारखाना घराला लागूनच होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, एक भट्टी, वाळूचे ढीग आणि वीस-बावीस माणसं. दिवाळीपर्यंत उसाचे चरक ओतायचे, दिवाळी झाली की लोखंडी नांगर. नांगर उन्हाळ्यात खपत, पावसाआधी. माल चांगला होता आणि खपतही होता. अडत होतं ते कच्चं बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, मिळण्यावर. तेव्हा लोखंड सरकारी परवान्यावर मिळे. अर्ज करून बसायचं. परवाना कधी येईल ते कुणी सांगत नसे, पण आला की आठवड्याभरात सगळे पैसे भरायचे. नाही भरले तर लोखंड दुसऱ्याच्या नावावर. वर्षभराचं बीड एकदम उचलायचं म्हणजे साठ हजारांचा खेळ, आणि आमच्यासारख्यांच्या पेटीत एकदम साठ हजार कुठून असणार?

म्हणून बँक. पुण्यातल्या एका बँकेने कारखान्याला एक लाखाची मर्यादा मंजूर केली होती. हे म्हणजे एकदम घेतलेलं कर्ज नव्हे. लागेल तेव्हा लाखापर्यंत उचलायचं, विक्रीचे पैसे आले की भरायचे, पुन्हा लागले की पुन्हा उचलायचे. जितके दिवस जितकी रक्कम बाहेर, तितक्याचंच व्याज, सहा टक्क्यांनी. तारण म्हणून राहत्या घराची आणि शेडच्या जागेची खरेदीखतं बँकेच्या तिजोरीत होती. करार वर्षाचा. शिवाय त्यात एक कलम होतं, की लाखातली जी रक्कम उचलली नाही तिच्यावर वर्षाला एक टक्का शुल्क. मामंजींच्या सहीच्या वेळी आमच्या यांनी ते वाचून दाखवलं होतं. मामंजींनी ऐकलं होतं, पण त्यांच्या मनाने ते कधी मान्यच केलं नव्हतं.

मी कॉलेजात दोन वर्षं वाणिज्य शिकले होते. आमच्या जुन्या दिवाणजींना मोतीबिंदू झाला आणि हिशेबाच्या वह्या अलगद माझ्याकडे आल्या. सुनेने वह्या लिहायच्या याचं गावात थोडं हसं झालं. झालं तर झालं. मला स्वयंपाकापेक्षा आकडे आवडत, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना जेवताना कळतच असे.

त्या पाकिटानंतर मामंजींनी मला ओसरीवर बोलावलं.

"सूनबाई, बँक सहा टक्के म्हणते. खरे किती पडतात ते मला सांग. गोड करून सांगू नकोस."

मी गोड करून सांगणाऱ्यातली नव्हतेच. गेल्या सहा महिन्यांत आम्ही सरासरी पंचवीस हजार वापरले होते. त्याचं सहामाही व्याज साडेसातशे रुपये. उरलेले पंचाहत्तर हजार वापरलेच नाहीत, त्याचं शुल्क पावणेचारशे. मिळून अकराशे पंचवीस. वर्षाचा हिशेब धरला तर बावीसशे पन्नास, आणि तेही पंचवीस हजारांच्या वापरावर.

"नऊ टक्के," मी म्हणाले.

मामंजी कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पंचाहत्तर हजार मी घेतले नाहीत, त्याचं भाडं?"

हे दारात उभे होते. ते म्हणाले, "बाबा, टांगेवाला आपल्यासाठी दारात थांबवून ठेवला, तर थांबल्याचे पैसे द्यावे लागतातच ना? तो दुसरं भाडं सोडून थांबलेला असतो."

"मी बसलो नाही तर भाडं कसलं?"

"थांबला त्याचं."

मामंजींना टांग्याचा दाखला पटला नाही. उगाच टांगा थांबवून ठेवण्यासारखा खर्चीक माणूस त्यांनी आयुष्यात कधी बघितला नसावा. पण नऊ हा आकडा त्यांच्या मनात घर करून बसला. मी त्यांना पुढचंही सांगितलं होतं. जितकं कमी वापराल तितका दर वर जातो. सरासरी दहाच हजार वापरले तर सहाशे व्याज आणि नऊशे शुल्क, म्हणजे पंधरा टक्के पडतात. पन्नास हजार वापरले तर सात पडतात. आणि शुल्क तर असंही द्यायचंच आहे, तेव्हा आणखी एक रुपया उचलला तर त्याच्यावर व्याज सहा लागतं आणि शुल्क एक वाचतं, म्हणून तो रुपया खरं म्हणजे पाच टक्क्यांनीच पडतो. हे सगळं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण मामंजींनी त्यातलं नऊ आणि पंधरा तेवढं ऐकलं. पाचाचं वाक्य त्यांच्या कानावरून गेलं ते गेलंच.

त्यांना खरी भीती व्याजाची नव्हती. तरुणपणी त्यांनी पुण्यात शेजारच्या दुकानदाराची जप्ती बघितली होती. त्या घरातली भांडी, पाट, पाळणा, सगळं रस्त्यावर मांडलं होतं आणि लोक पातेली वाजवून बघत होते. ते सांगताना मामंजी पातेली वाजवल्यासारखा हात करत. आमच्या घराची खरेदीखतं बँकेत होती तोवर त्यांना ते आवाज ऐकू येत असावेत. रात्री ते उठून दाराची कडी तपासत. चोराच्या भीतीने नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या घरात एक रिवाज होता. लक्ष्मीपूजनाला वहीत कुणाचंही देणं नको. किराणावाला, वाळूवाला, कोळशाचा ठेकेदार, सगळ्यांचे पैसे त्याआधी चुकते. कोरी वही देवीपुढे ठेवायची ती निष्कर्ज. मामंजींच्या वडिलांपासूनची ही चाल, आणि ती पाळून आजवर कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. बँक आल्यावर मामंजींनी तीच चाल बँकेलाही लावली. दिवाळीच्या तोंडावर चरकांचे सगळे पैसे येत. त्या वर्षी त्यांनी गल्ल्यातला, पेटीतला आणि येणं वसूल केलेला असा एकूणएक रुपया बँकेत भरला आणि खातं शून्यावर आणलं. पगारापुरते पैसे तेवढे ठेवले. पूजेला बसताना त्यांचा चेहरा मी प्रथमच निवांत बघितला.

यांनी आदल्या दिवशी अडवायचा प्रयत्न केला होता. "बाबा, तीस-चाळीस हजार बाहेर राहू द्या. परवाना कधीही येईल."

"आला की उचलू. बँक थांबलीच आहे ना? तूच म्हणालास, टांगा."

हे माझ्याकडे बघायला लागले. स्वतःच दिलेला दाखला अंगावर आला की आमच्या घरातले पुरुष बायकोकडे बघतात.

दिवाळी झाली आणि भाऊबीजेनंतर बँकेच्या मॅनेजरांची चिठ्ठी आली, की मुदतीविषयी बोलायला यावं. हे जाऊन आले. परतले तेव्हा त्यांनी चपला काढल्याच नाहीत, तसेच ओसरीवर बसले. मी पाणी दिलं ते हातातच धरून राहिले.

करार महिनाअखेरीला संपत होता. त्या वर्षी बाजारात पैसा आखडलेला होता आणि बँकेच्या मुंबईच्या मुख्य कचेरीने पडून असलेल्या मर्यादा कमी करायचं ठरवलं होतं. मॅनेजरांनी आमचं खातं समोर ठेवलं. वर्षभर वापर चौथाई, आणि आता तर शून्य. "मुंबईला मी काय लिहू?" ते म्हणाले होते. "ज्याला गरज असते त्याचं खातं असं दिसत नाही." नव्या वर्षासाठी अर्ज पाठवतो, पण मंजुरी कधी येईल आणि किती रकमेची येईल, हे त्यांच्या हातात नाही. मंजुरी येईपर्यंत नवी उचल बंद.

मामंजींना हे कळायलाच वेळ लागला. "पण आपण तर त्यांचे पैसे फेडले."

"म्हणूनच, बाबा."

"फेडल्याची शिक्षा?"

बाहेर शेडमध्ये वाळू चाळण्याचा आवाज येत होता. परवाना आला आणि हातात पैसा नसला, तर वर्षभर बीड नाही. बीड नाही तर भट्टी नाही. आणि भट्टी नाही तर ही बावीस माणसं काय करतील, आणि आम्ही काय खाऊ? घराची खतं तर बँकेतच अडकलेली. ती तारण असताना दुसरा कोण पैसे देणार? तरीही हे एका सराफाकडे जाऊन आले. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, खतं कुठे आहेत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत झाली.

मी कराराचा कागद घेऊन बसले. भीती वाटली की मला वाचायला सुचतं, हा माझा स्वभाव आहे. सासूबाईंना भीती वाटली की त्या डबे घासायला काढत. त्या आठवड्यात आमचे सगळे डबे लखलखीत झाले.

करारात असं होतं, की मुदत संपेपर्यंत मर्यादेतली रक्कम द्यायला बँक बांधील आहे. ज्या एक टक्क्यासाठी मामंजी वर्षभर कुरकुरत होते, ते हेच बांधून घेण्याचे पैसे होते. आणि मुदतीच्या दिवशी जे देणं असेल ते फेडायला पुढे सहा महिने मिळत होते. म्हणजे महिनाअखेरीपर्यंत आम्ही मागितलं तर बँकेला नाही म्हणता येणार नव्हतं. त्यानंतर येणार होतं. तहान लागल्यावर विहीर खणून चालणार नव्हतं, आणि आमची विहीर तर बुजवायला माणसं निघालेली होती.

मी यांना दाखवलं. यांनी दोनदा वाचलं, आणि आम्ही दोघं मामंजींकडे गेलो.

"परवाना आला नाही तर?" मामंजी म्हणाले.

"तर पैसे परत भरू."

"तोवर व्याज?"

"साठ हजारांवर महिन्याला तीनशे," मी म्हणाले. "मुदत संपली की न वापरल्याचं शुल्कही संपतं, म्हणून तेव्हापासून पुरे सहा टक्के धरायचे. दोन महिने थांबावं लागलं तर सहाशे."

"सहाशे रुपये. नुसते पैसे घरात ठेवायचे."

"नांगर विकून फिटतील. सहा महिने आहेत."

"आणि नाही फिटले तर?" त्यांनी ओसरीकडे, आत स्वयंपाकघराकडे, वर पत्र्याकडे बघितलं. "साठ हजार, सूनबाई. साठ हजारांत हे घर दोनदा जातं."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी गप्प बसले. घर एकदाच जातं, दोनदा नाही, असं म्हणायचं जिभेवर होतं. ते न बोलल्याचं मला आजही बरं वाटतं. ते खोटं बोलत नव्हते. बँक घर घेऊ शकत होती. मला कारखाना बंद पडण्याची भीती होती, त्यांना घराची, आणि दोन्ही भीती खऱ्या होत्या. एकीवरचा उपाय दुसरीला वाढवत होता, एवढंच.

मामंजी ठरवेनात. मालक ते, चेकवर सही त्यांची. दिवस सरत होते आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेडमधल्या माणसांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळायचं ते कळतंच. चऱ्होलीहून पायी येणारे एक म्हातारे ओतारी होते, मामंजींच्या पहिल्या भट्टीपासूनचे. एकदा मी हजेरी घ्यायला गेले तर ते म्हणाले, "बाई, बीड संपत आलंय. अजून येक ओत व्हईल, लई तर दोन. मालकास्नी ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

"मग झालं," ते म्हणाले आणि साचा ठोकायला लागले. त्यांना माझं म्हणणं पुरलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मामंजी आंघोळ करून, कोट-टोपी घालून बाहेर आले. "चला," म्हणाले. "साठ उचलू."

हे इतके खूश झाले की मलाही चल म्हणाले, हिशेबाला. गाडीत मामंजी खिडकीशी बसले होते. पिंपरी गेली, दापोडी गेली, नदीवरचा पूल गेला. त्यांच्या मांडीवर चेकबुकाची पिशवी होती आणि तिचे बंद ते सोडत होते, बांधत होते.

बँकेत मॅनेजरांनी तिघांनाही खुर्च्या दिल्या. सभ्य गृहस्थ होते. "करारात आहे, तेव्हा तुमचा हक्कच आहे," ते म्हणाले. "आज घ्या. उद्यापासून मुंबई सांगेल तसं." मग सवयीने त्यांनी पुढचं वाक्यही म्हटलं, जे ते सगळ्यांना म्हणत असतील. "फक्त सहा महिन्यांत फिटलं पाहिजे बरं का, नाहीतर मला तारणाकडे बघावं लागतं."

मामंजींनी टाक घेतला. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. त्यांनी तारीख घातली, मग हात थांबला. टेबलावर शाईचा थेंब पडला, तो त्यांनी बोटाने पुसला. मग त्यांनी रक्कम लिहिली. अक्षरी, नीट, वळणदार अक्षरात. तीस हजार.

यांनीही बघितलं. पण परक्या माणसासमोर बापाने लिहिलेला आकडा मुलाने खोडायचा, असं आमच्याकडे झालेलं नव्हतं. सुनेने तर बोलायचा प्रश्नच नाही. मी पदर सारखा केला, एवढंच माझ्या हातून झालं. मॅनेजरांनी चेक हातात घेऊन "एवढेच?" असं विचारलं. मामंजी म्हणाले, "एवढे पुरे. अंथरूण पाहून पाय पसरावे." मॅनेजर हसले आणि त्यांनी घंटी वाजवली.

परतीच्या गाडीत हे दाराशी उभे राहिले, आत आलेच नाहीत. मामंजी मला म्हणाले, "अर्धी भीती तुमची राखली, अर्धी माझी. वाईट केलं का?" मी म्हणाले, "नाही, मामंजी." दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि दिवस थंडीचे होते.

तीस हजार आम्ही तसेच ठेवले, हात न लावता. पुढचा महिनाभर पोस्टमन दारावरून जाताना सायकलची घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून दाराशी यायची. परवाना यावा की येऊ नये, हेच मला कळेनासं झालं होतं. आला नसता तर पैसे परत भरून टाकता आले असते आणि अर्ध्या रकमेची लाज कुणालाच कळली नसती. पण आला नाही तर भट्टीही नाही. बीड तोवर संपलं होतं. माणसं शेड झाडत होती, जुन्या साच्यांना रंग लावत होती.

बरोबर महिन्याने परवाना आला. साठ हजारांचा, पुरा.

हे त्याच दिवशी बँकेत धावले. मुंबईहून उत्तर आलं नव्हतं. मॅनेजरांनी समोरच मुंबईला तार केली. तारेला उत्तर आलं, की अर्ज विचाराधीन आहे. हे पुन्हा सराफाकडे गेले, मग दुसऱ्याकडे, मग पुनावळ्याच्या एका बागाईतदाराकडे, ज्याच्याशी आमची ओळख फक्त दोन चरकांपुरती होती. त्याने चहा दिला. आठवडा संपला तेव्हा आमच्याकडे होते ते तीसच. अर्ध्या परवान्याचं बीड आलं. बाकी अर्धं कुणाला गेलं ते आम्ही विचारलं नाही.

अर्ध्या बिडात बावीस माणसांना काम नव्हतं. बारा ठेवायची आणि दहा कमी करायची असं ठरलं. यादी यांनी केली. तरुण, लहान पोरं घरी असलेले असे ठेवले, कारण ओझी त्यांनाच उचलायची होती. चऱ्होलीचे म्हातारे ओतारी कमी होणाऱ्यांत आले. मामंजींनी यादी वाचली आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली.

पगाराच्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

"सूनबाई, त्या दिवशी साठ न उचलता तीस उचलले. आपलं वाचलं किती?"

मला आधी वाटलं, ते स्वतःची समजूत घालायला विचारताहेत, आणि मला तिडीक आली. पण त्यांचा आवाज तसा नव्हता. मी सांगितलं. उरलेल्या तीस हजारांचं महिन्याचं सहा टक्क्यांनी व्याज, दीडशे रुपये.

"ते काढ," ते म्हणाले. "दहा जणांना वाट. पगारावर."

दीडशेचे दहा भाग, पंधरा पंधरा रुपये. मी पाकिटं केली. शेडच्या दारात टेबल मांडलं होतं, तिथे एकेक जण येऊन पगार घेऊन गेला. मामंजी माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर काढून. जाणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांनी पाकीट मोजलंच नाही. म्हातारे ओतारी शेवटी आले. त्यांनी अंगठा उठवला, पाकीट उघडलं, पगार मोजला, आणि वरच्या पंधरा रुपयांपाशी त्यांचा हात थांबला.

"बाई, हे जादा झालं वाटतं. चुकून आलं का?"

"चुकून नाही," मी म्हणाले. "तुमचेच आहेत."

"पर कशाचं?"

मी मामंजींकडे बघितलं. ते टोपीची घडी सारखी करत होते. म्हातारे ओतारी नोटा हातात धरून उभे होते, आमच्यापैकी कुणीतरी सांगेल म्हणून, आणि आम्ही दोघंही खाली बघत होतो.